नातवंडांचा ताप आणि तळहातावरचे पुरळ

गेल्या श्रावणात एक आजोबा सहा वर्षांच्या नातवाला घोंगडीत गुंडाळून दवाखान्यात घेऊन आले. मुलाला पाच दिवस ताप होता आणि आदल्या दिवसापासून अंगावर पुरळ दिसू लागले होते. आजोबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गोवर आहे. पुरता बाहेर पडू द्यावा म्हणून थांबलो होतो. पण पोरगं आता पाय टेकवत नाही."

पुरळ 'बाहेर पडू द्यावे', नाहीतर ते 'आत जाते', ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. तिच्यामागे अनुभव नव्हता असे मी म्हणणार नाही. मुलांना येणारा पुरळासह ताप बहुतेक वेळा विषाणूंचा असतो आणि तो काही न करताही बरा होतो. मात्र ज्या थोड्या मुलांचे दुखणे निराळे असते, त्यांचे मोलाचे दिवस या वाट पाहण्यात जातात.

प्रथम तो गोवर होता का, हे पाहू. गोवरात पुरळ येण्यापूर्वी तीन-चार दिवस तापाबरोबर खोकला, वाहते नाक आणि लाल, पाणावलेले डोळे असतात. पुरळ कानामागे आणि कपाळावर उमटते, मग छातीवर आणि शेवटी पायांवर उतरते. या मुलाला खोकला नव्हता, डोळे स्वच्छ होते, आणि लसीच्या कार्डावर नवव्या महिन्याची व दीड वर्षाची अशा गोवराच्या दोन्ही मात्रांची नोंद होती. (गोवर संपला, असे मात्र समजू नये. २०२२ साली मुंबईत गोवंडी भागापासून त्याची मोठी साथ पसरली, त्यात बालके दगावली, आणि त्यांतील बहुतेकांचे लसीकरण अपुरे होते.) शिवाय त्याचे पुरळ उलट्या वाटेने आले होते. आधी घोटे आणि मनगटे, मग हातपाय, मग पोट. मी त्याचे तळहात उघडले, तळवे पाहिले. तेथेही लालसर ठिपके होते. साध्या विषाणूच्या पुरळात तळहात-तळवे बहुधा मोकळे राहतात. याला अपवाद हात, पाय आणि तोंड यांवर फोड येणाऱ्या आजाराचा. पण त्यात तोंडात व्रण असतात आणि मूल सहसा इतके मलूल नसते.

यानंतर मी काचेचा पेला मागवला. ही परीक्षा आपण घरीही करू शकता. पारदर्शक पेल्याची कड पुरळावर घट्ट दाबावी आणि काचेतून पाहावे. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या केवळ फुगल्या असतील तर दाबाने रक्त बाजूला सरते आणि डाग फिकट होतो. रक्त वाहिनीबाहेर झिरपले असेल तर डाग तसाच राहतो. सावळ्या त्वचेवर हा फरक सहज दिसत नाही, म्हणून तळहात, तळवे आणि पोट अशा उजळ जागा निवडाव्यात. या मुलाच्या पोटावरचे डाग मिटत होते, घोट्यावरचे मिटत नव्हते.

मी आजोबांना विचारले, "घरी जनावरे आहेत का?" गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि एक कुत्रा. आठ-दहा दिवसांपूर्वी पोराच्या कानामागून गोचीड काढल्याचे त्यांना आठवले. "चिरडून टाकली," ते म्हणाले, "त्यात काय सांगायचं?"

सांगायचे होते ते एवढेच. गोचिडीच्या चाव्यातून रिकेट्सिया नावाचे सूक्ष्म जंतू शरीरात शिरतात आणि सुमारे आठवड्याभराने ताप येतो. हे जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात वाढतात. अस्तर सुजले की वाहिन्या झिरपू लागतात, म्हणून पुरळ आधी मिटणारे आणि मग न मिटणारे होते. पोटऱ्या दुखतात, घोटे सुजतात. उशीर झाला तर बोटांची टोके किंवा कानाच्या पाळ्या काळ्या पडतात, मेंदूला सूज येते. हा आजार आपल्याला नवा नाही. पुणे जिल्ह्यातील गोचिडजन्य रिकेट्सियांवरचा शोधनिबंध १९८४ सालीच प्रसिद्ध झाला होता. याचाच भाऊबंद असलेला स्क्रब टायफस गवताझुडपांतल्या बारीक किड्यांच्या अळ्यांमुळे होतो. त्यात चाव्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही आणि काखेत, जांघेत लपते. म्हणून तापलेल्या मुलाचे सगळे कपडे उतरवून पाहावे.

आता उपचार. 'डॉक्सिसायक्लिन' हे जुने, स्वस्त औषध यावर प्रभावी आहे. आपण ज्या प्रतिजैविकांची नावे ऐकून आहात, त्यांतील बरीचशी, अगदी महागडी इंजेक्शनेसुद्धा, या जंतूंवर चालत नाहीत. रक्ततपासणीचा भरवसा पहिल्या आठवड्यात धरता येत नाही, कारण तिला जे प्रतिपिंड दिसायला हवेत ते तोवर पुरेसे तयार झालेले नसतात. म्हणून संशय बळकट असेल तर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करावे लागते. आठ वर्षांखालील मुलांचे दात या औषधाने डागाळतात, हे भय जुन्या पिढीत रुजले आहे. माझ्या शिक्षणातही ते होते. मात्र अशा थोड्या दिवसांच्या उपचाराने दात डागाळत नाहीत, असे पुढे अभ्यासातून दिसून आले. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा ती डॉक्टरांनीच द्यावी.

मुलाचे वजन १८ किलो होते. पहिली मात्रा मी तेथेच दिली आणि चिठ्ठी लिहून त्याला पुण्याला, मुलांच्या वॉर्डात पाठवले. डाग न मिटणारे असताना मी कोणालाही पानशेतला ठेवून घेत नाही. दुसऱ्या दिवशी रात्री ताप उतरला. या आजारात औषध लागू पडले की बहुधा दोन दिवसांत ताप ओसरतो, आणि तोही निदानाचा एक पुरावाच असतो.

दोन गोष्टी वेगळ्या सांगतो, कारण त्या फसवतात. दोन वर्षांच्या आतील बाळाला तीन-चार दिवस जोराचा ताप येतो, तो अचानक उतरतो आणि नंतर छाती-पाठीवर गुलाबी पुरळ उठते. बाळ खेळत असते. हे विषाणूचे निरुपद्रवी पुरळ आहे, औषध लागत नाही. मात्र डेंग्यूतही ताप उतरतानाच पुरळ येऊ शकते, आणि खरा धोका त्याच वेळी सुरू होतो. म्हणून ताप गेल्यावर मूल खेळते की निपचित पडते, पोट दुखते का, वारंवार उलट्या होतात का, हातपाय गार पडले का, सहा तासांत लघवी झाली का, हे पाहावे.

दुसरी गोष्ट घाईची. ताप सुरू झाल्यावर काही तासांतच जांभळे, न मिटणारे ठिपके दिसू लागले आणि पसरू लागले, मूल गुंगीत जाऊ लागले किंवा मान वाकवेना, तर तो मेंदूज्वराच्या जंतूंचा रक्तात शिरकाव असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि 'न मिटणारे डाग' हे शब्द स्पष्ट सांगावेत. ताप उतरवण्यासाठी ॲस्पिरिन देऊ नये.

त्या मुलाचे आजोबा महिन्याभराने भेटले. गोठ्याची डागडुजी केली होती, कुत्र्याला पशुवैद्यांकडून औषध दिले होते. आता गोचीड दिसली की ते चिमट्याने तोंडाजवळ धरून सरळ ओढतात, बोटांनी चिरडत नाहीत, आणि ती कधी निघाली ते कॅलेंडरवर लिहून ठेवतात.