राजगड नको, दुकान लिही!

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या ‘कॉमन ॲप’ अर्जात २०१३ साली एक प्रश्न होता: जिथे तुम्ही अगदी समाधानी असता, त्या जागेबद्दल लिहा. यंदा धाकट्या भावाला एका अर्जात तसाच प्रश्न आला. पठ्ठ्याने राजगड लिहिला. धुकं, वारा, सूर्योदय! गड दिसला, हा कुठेच नाही. विचारलं, "तू तिथे करतोस काय?" गप्प. मग म्हणाला, "खरं तर मामाच्या सायकल दुकानात जास्त बरं वाटतं."

तिथे गिऱ्हाईक कितीही घाईत असो, पंक्चर काढल्यावर हा ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवतो, बुडबुडे येतात का बघतो. माझ्या मते एवढंच लिहावं. ‘मी प्रामाणिक आहे’ हे वाक्य मग लागतच नाही. त्याने खोडलंही, जरा कुरकुरत.