एका बाळासाठीही कुपी फोडा

गाळप हंगाम तोंडावर आला आहे आणि कारखाना परिसरातल्या उपकेंद्रांतून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतली तक्रार दरवर्षीचीच आहे. एका आरोग्यसेविकेने लिहिले आहे, गेल्या हंगामात कोप्यांवरच्या सत्रात गोवर-रुबेलासाठी पात्र असे एकच बाळ आले. तिने पाच मात्रांची कुपी फोडली, बाळाला लस दिली आणि चार तासांनी उरलेले औषध टाकून दिले. महिनाअखेरच्या आढाव्यात तिच्याकडे खुलासा मागितला गेला: ८० टक्के लस वाया का घालवली? त्यानंतरच्या सत्रात पुन्हा एकच बाळ आले, तेव्हा तिने आईला पुढच्या खेपेला यायला सांगितले. ती आई पुन्हा आली नाही, कारण टोळी दुसऱ्या शिवारात गेली होती.

नियम काय आहे हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पेंटाव्हॅलंटची कुपी अटी पाळून २८ दिवस वापरता येते. गोवर-रुबेला आणि बीसीजी यांना ती सवलत नाही. त्या एकदा द्रावणात मिसळल्या की चार तासांत संपवायच्या किंवा टाकायच्या, कारण उरलेल्या लसीत जंतू वाढले तर बाळ दगावू शकते. आणि म्हणूनच, सत्राला एकच बाळ आले तरी कुपी फोडावी, असे मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. म्हणजे सेविकेने सूचनेचे पालन केले आणि आढाव्यात तोच तिचा दोष ठरला. आढाव्याच्या तक्त्यात वाया गेलेल्या मात्रांचा रकाना आहे, परत पाठवलेल्या बाळांचा नाही. साहेबांना जो आकडा दिसतो तोच ते विचारतात.

परत पाठवलेल्या बाळाचे पुढे काय होते ते पाहू. समजा, बाळ मार्चच्या सुरुवातीला बीड जिल्ह्यातल्या किंवा आपल्याच जत तालुक्यातल्या गावी जन्मले. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस जूनपर्यंत गावीच होतात. नऊ महिने भरतात डिसेंबरच्या सुरुवातीला. तेव्हा आईबाप कराड किंवा वाळवा तालुक्यात उसाच्या फडात असतात आणि बाळ कोपीत. डिसेंबरात लस चुकली तर पट्टा पडून गावी परतेपर्यंत एप्रिल उजाडतो आणि बाळ तेरा महिन्यांचे होते. लस तेव्हाही देता येते, द्यायलाच हवी. पण मधल्या चार महिन्यांत आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरलेली असते आणि बाळ राहते ते एकमेकीला लागून असलेल्या कोप्यांच्या गर्दीत. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या वस्तीत बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीत गोवराची साथ आली ती अशाच दाटीच्या वस्तीत.

इथे वरिष्ठांचे ठरलेले उत्तर असते की लोकच उदासीन आहेत, लस फुकट असून घेत नाहीत. हे उत्तर चुकीचे आहे आणि ते तपासून पाहण्याची तसदी कुणी घेत नाही. कोयत्याच्या हिशेबात लस फुकट नसते. बाई सत्राला थांबली की त्या दिवसाचा खाडा लागतो, जोडीची तोडणी बुडते आणि खाड्याची रक्कम उचलीतून वळती होते. हा तोटा आजचा आणि रोकडा आहे. लसीचा फायदा म्हणजे पुढे न झालेला आजार, तो डोळ्यांना दिसत नाही. शिवाय त्या फायद्यातला मोठा वाटा शेजारच्या कोपीतल्या बाळाला मिळतो आणि तो कुठलीही आई स्वतःच्या हिशेबात धरणार नाही. लस आणि शाळा या दोन्हींच्या बाबतीत हे होते. माणसे आपापल्या परीने शहाणपणानेच वागतात आणि तरी एकूण समाजाला हवे त्याहून कमीच घेतात. रिचर्ड मसग्रेव्ह या अर्थशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अशा गरजांची वेगळी नोंद केली. आज पाठ्यपुस्तकांत त्यांना मेरिट गुड्स म्हणतात. सरकारने त्यांचा खर्च उचलायचा तो याच कारणाने. पण किंमत शून्यावर आणून काम संपत नाही. आईला प्रत्यक्षात मोजावी लागणारी किंमत खाड्याएवढी असेल, तर शून्याच्याही खाली उतरावे लागते.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ गावांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हे करून पाहिले. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवले, काही गावांत शिबिराबरोबर दर लसीमागे एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के होते, शिबिरांच्या गावांत १८, आणि डाळीच्या गावांत ३९ टक्के झाले. आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढची आहे. डाळीचा खर्च धरूनही पूर्ण लसीकरण झालेल्या दर बाळामागचा एकूण खर्च डाळीच्या गावांत नुसत्या शिबिरांच्या गावांच्या निम्माच आला. कारण सेविकेचा दिवस, गाडी आणि शीतपेटी यांचा खर्च एक बाळ आले तरी तेवढाच होतो आणि दहा आली तरी तेवढाच. कुपीचेही तेच आहे. लसीची नासाडी कमी करण्याचा खरा मार्ग सत्राला जास्त बाळे आणणे हा आहे, आलेल्या एकाला परतवणे हा नव्हे.

सक्तीचा मार्ग सुचवणारेही आहेत. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तो दाखला देणारे हे विसरतात की शिक्षण मोफत होते आणि शाळा गावात आणली गेली. आपले सत्र सकाळी नऊनंतर सुरू होते, तेव्हा टोळी पहाटेच फडात गेलेली असते. जी आई खाड्याचा दंड आधीच भरते तिच्यावर दुसरा दंड लावणे हा अन्याय होईल.

तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांना आमची थेट विनंती आहे. सूक्ष्म कृती आराखड्यात ‘कारखाना परिसर’ एवढेच लिहून थांबू नका. उद्या कोणती टोळी कोणत्या गटात आहे, हे कारखान्याच्या शेती विभागाला आणि चिटबॉयला रोज माहीत असते. ती यादी मागा आणि सत्र टोळी परतण्याच्या वेळेला, कोप्यांवरच लावा. दोन-तीन अड्ड्यांची बाळे एका वेळी गोळा झाली तर कुपीही पुरती वापरली जाईल. कार्ड गावी राहिले म्हणून कुणाला परत पाठवू नका. गोवर-रुबेलाचा डोस दुबार गेल्याने अपाय होत नाही.

कारखान्यांच्या संचालक मंडळांनी लसीच्या दिवशी खाडा धरायचा नाही, असे मुकादमांना लेखी कळवावे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घ्यायचे ठरले आहे. त्यातून आईच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई आणि किलोभर डाळ देता येणार नाही, असे कुणी आम्हाला पटवून द्यावे.

आणि आरोग्यसेविकांनो, खुलासा मागितला तर द्या. किती बाळे आली, किती मात्रा दिल्या आणि एकाही बाळाला परत पाठवले नाही, एवढे त्यात लिहा. त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा. नाव न छापता आम्ही ती पुढच्या अंकात छापू आणि तो अंक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवू.