तीन कोटेशनं म्हणजे स्पर्धा नव्हे

शाळेच्या कारभारासाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, की संस्थेच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं: ‘तीन कोटेशनं मागवा, त्यात कमी असेल ते घेऊ.’ फाइलला तीन कागद लागतात, हिशेबतपासनीस समाधानी होतो, आणि कुणी बोट दाखवलं तर ‘स्पर्धा झाली होती’ असं सांगता येतं. या पद्धतीचा बचाव करणारे लोक अप्रामाणिक नसतात. बाकं, पंखे, खडू, प्रयोगशाळेतली काचेची भांडी यांची खरेदी त्यांनी आयुष्यभर अशीच केलेली असते आणि ती चांगली झालेली असते. त्यांचं चुकतं ते एवढंच, की बाक कुणीही दिलं तरी ते बाकच असतं. सॉफ्टवेअरची तीन कोटेशनं मात्र बहुधा तीन निरनिराळ्या गोष्टींची असतात, आणि त्यांच्या किमती एकाखाली एक लिहिल्याने त्या एक होत नाहीत.

समजा, एका संस्थेच्या तीन शाळा आहेत आणि मिळून 2,400 विद्यार्थी. पहिला पुरवठादार दर विद्यार्थी दर वर्षी 120 रुपये मागतो, त्यात सगळं आलं. म्हणजे वर्षाला 2,88,000. दुसरा एकदाच 4,00,000 मागतो. तिसरा म्हणतो, सॉफ्टवेअर फुकट. तीन कोटेशनांच्या न्यायाने तिसरा जिंकला. आता तिघांना एकच प्रश्न विचारा: पाच वर्षांत, सगळं धरून, कुणाच्या खिशातून किती जाणार? पहिल्याचे होतात 14,40,000. दुसऱ्याच्या चार लाखांवर दुसऱ्या वर्षापासून 18 टक्के देखभाल, म्हणजे चार वर्षांचे 2,88,000. सर्व्हरचं भाडं वर्षाला 60,000 प्रमाणे 3,00,000. जुनी माहिती चढवण्याचे 1,20,000. तीन शाळांच्या प्रशिक्षणाचे 75,000. आणि करार संपल्यावर माहिती परत देण्याचे 50,000. बेरीज 12,33,000. ‘फुकट’वाला पालकांकडून ऑनलाइन फीवर दीड टक्का सुविधा शुल्क घेतो. सरासरी फी 18,000 आणि साठ टक्के पालक ऑनलाइन भरतात असं धरलं, तर वर्षाला 3,88,800, पाच वर्षांत 19,44,000. संस्थेच्या वहीत हा खर्च दिसत नाही, कारण तो पालकांच्या वहीत आहे. सर्वात महाग दिसणारा सर्वात स्वस्त निघाला आणि फुकटवाला सर्वात महाग.

हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. तुमच्या शाळेत क्रम वेगळा लागेल. पण तो क्रम कळण्यासाठी भाव-तक्ता संस्थेने स्वतः छापून द्यावा लागतो. विद्यार्थिसंख्या, पाच वर्षांची मुदत, परवाना, होस्टिंग, माहिती चढवणे, प्रशिक्षण, एसएमएस, पालकांवर पडणारं शुल्क, शेवटी माहिती परत देणे, असे रकाने आखलेले हवेत. पुरवठादाराने फक्त आकडे भरायचे. रकाना रिकामा ठेवला तर ते काम शून्य रुपयांत केलं जाईल असं धरलं जाईल, ही ओळ तक्त्याखालीच छापायची. पुरवठादाराच्या स्वतःच्या लेटरहेडवरचं कोटेशन स्वीकारलं, की तुलनेचा मसुदा त्याने लिहिलेला असतो.

दुसरा आक्षेप जरा शहाण्या माणसांचा असतो. ते म्हणतात, ‘आम्ही कोटेशन मागवत नाही, रीतसर प्रस्ताव मागवतो. सोबत शंभर-दीडशे वैशिष्ट्यांची यादी जोडतो, आणि पुढे आहे किंवा नाही असं भरून घेतो.’ मी अशा भरलेल्या याद्या पाहिल्या आहेत. त्यांत ‘नाही’ क्वचितच सापडतं. ‘दाखला तयार होतो का?’ होय. ‘फी सवलत देता येते का?’ होय. खोटं कुणीच बोलत नाही, कारण प्रश्नच इतका ढिला आहे की कुठलंही उत्तर त्यात मावतं. शिवाय ही यादी आली कुठून, हेही विचारावं. बहुतेकदा ती सर्वात आधी डेमो देऊन गेलेल्या कंपनीच्या माहितीपत्रकातून उतरवलेली असते. मग इतरांनी त्या कंपनीच्या शब्दांत स्वतःला सिद्ध करायचं. एखाद्या विशिष्ट बनावटीचं हजेरी-यंत्र ‘किंवा समतुल्य’ हे शब्द न घालता मागणं हा याच रोगाचा उघडा प्रकार.

यादीऐवजी कामं लिहा. नववीतली मुलगी नोव्हेंबरमध्ये शाळा सोडते; तिच्या धाकट्या भावाला भावंड-सवलत होती, ती आता काढायची आहे; पहिल्या सत्राच्या फीचा धनादेश परत आला आहे; आणि जनरल रजिस्टरमधलं नाव आधारवरच्या नावाशी जुळत नाही. या स्थितीत मुख्य लिपिकाने शाळा सोडल्याचा दाखला कसा काढायचा, ते दाखवा. दाखल्यावर जन्मतारीख अक्षरांत यायला हवी, आणि दुसरी प्रत काढली तर ती दुसरी प्रत असल्याची नोंद आपोआप व्हायला हवी. अशी पाच-सहा कामं सर्वांना आठवडाभर आधी लेखी द्या, वेळ सर्वांना सारखा द्या, आणि माऊस विक्रेत्याच्या नव्हे, तुमच्या लिपिकाच्या हातात द्या. एका कामाला किती गुण आणि ते कशासाठी, तेही प्रस्ताव मागवतानाच छापा. डेमो पाहून झाल्यावर ठरवलेले गुण हे आवडलेल्या माणसाला दिलेले गुण असतात.

पण ज्या असमानतेबद्दल कुणीच बोलत नाही, ती याहून खोल आहे. शाळेत आज कुठलं तरी सॉफ्टवेअर चालूच असतं, निदान कुणीतरी लिपिकाला एक्सेलच्या फाइली बांधून दिलेल्या असतात. त्या माणसाला माहीत असतं की किती नोंदी दुहेरी आहेत आणि 2008 च्या आधीची नावं कशात टंकलेली आहेत. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्या पद्धतीत पडद्यावर ‘शर्मा’ दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरांच्या जागेवरची चिन्हं. फॉन्ट काढला की नाव म्हणजे निव्वळ कचरा. हे युनिकोडमध्ये नेताना पहिली वेलांटी आणि रफार आधी घसरतात, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठते. रफार जुन्या पद्धतीत शेवटी यायचा, युनिकोडमध्ये त्याचा ‘र’ अक्षराच्या आधी येतो. दाखल्यावरचं नाव असं बिघडलं, तर तो मुलगा पुढे कित्येक वर्षं प्रतिज्ञापत्रं करत फिरतो.

आता नव्या पुरवठादाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याला ‘जुनी माहिती चढवावी’ एवढी एकच ओळ मिळते. तो एक तर भीतीपोटी मोठा आकडा लावतो आणि हरतो, किंवा अंदाजाने छोटा लावतो आणि मार्चमध्ये ‘हे कामात धरलं नव्हतं’ म्हणून हात वर करतो. जुन्याला मात्र नेमका आकडा ठाऊक असतो. अटी सर्वांना सारख्या, माहिती एकालाच. ही स्पर्धा नाही. म्हणून प्रस्ताव मागणीपत्राचं सर्वात महत्त्वाचं परिशिष्ट म्हणजे शाळेने स्वतःच्या माहितीचं केलेलं प्रामाणिक वर्णन: किती वर्षांच्या नोंदी, किती कागदी रजिस्टरांत, कुठल्या फॉन्टात, छायाचित्रं आहेत की नाहीत, सरल आणि यू-डायस प्लसमध्ये भरलेल्या माहितीशी ती कुठे जुळत नाही. सोबत दोनशे नोंदींचा नमुना द्यावा. त्यात रफार, वेलांट्या, जोडाक्षरं मुद्दाम असावीत; पण नावं, आडनावं, तारखा, पत्ते आपसांत बदललेले असावेत, कारण ही अल्पवयीन मुलांची माहिती आहे. नमुना युनिकोडमध्ये आणून दाखवणं हे डेमोतलं एक काम करा, म्हणजे कुणाला येतं आणि कुणाला येत नाही ते तासाभरात कळेल.

माहिती सर्वांना सारखी मिळावी म्हणूनच शंकांची उत्तरंही एकट्याला द्यायची नसतात. प्रश्न ठरलेल्या तारखेपर्यंत लेखी घ्यावेत, उत्तरं सर्वांना एकाच दिवशी पाठवावीत, आणि विचारणाऱ्याचं नाव गाळावं. संस्थेच्या सचिवांना फोन करून ‘तुम्हाला नक्की काय हवंय, साहेब?’ असं विचारणाऱ्याला एकच उत्तर: लेखी पाठवा.

तिसरा आक्षेप खासगी संस्थाचालकांचा: ‘सरकारी निविदेचे नियम आम्हाला कशाला? पैसा आमचा, निवड आमची.’ निवड तुमची, हे मान्य. पण जाहीर केलेली अट नंतर एकासाठी सैल करता येते का, हा प्रश्न मुंबईच्याच विमानतळावरच्या उपाहारगृहावरून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1979 च्या रमणा शेट्टी खटल्यात विमानतळ प्राधिकरणाने पाच वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलचालकांकडून निविदा मागवल्या आणि ज्याची ती पात्रता नव्हती त्याची स्वीकारली. अट सैल होणार हे ठाऊक असतं तर मीही निविदा भरली असती, असं अर्जदाराचं म्हणणं. आपणच घातलेली अट प्राधिकरणाला मोडता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केलं. उशीर आणि इतर कारणांमुळे त्या अर्जदाराला दिलासा मात्र दिला नाही. खासगी संस्थेला हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. तरी त्यातलं तर्कशास्त्र तिलाही लागू पडतं: अट वाचून जे आलेच नाहीत, त्यांच्यावरचा अन्याय फाइलमध्ये कधीच दिसत नाही.

म्हणून पात्रतेच्या अटी मोजक्या आणि कामाच्या मापाच्या हव्यात. बारा-चौदा लाखांच्या कामासाठी पाच कोटींची उलाढाल मागणारी निविदा चांगला पुरवठादार शोधत नाही, छोट्यांना दाराबाहेर ठेवते. केंद्रीय दक्षता आयोगाने 2002 साली बांधकामांसाठी सुचवलेलं माप अंदाजित खर्चाच्या 30 टक्के सरासरी वार्षिक उलाढालीचं होतं. ते माप धरलं, तर इथे साडेचार लाखांच्या आत भागतं.

शेवटचा आक्षेप मला अर्धा पटतो: एवढा कागदपत्रांचा पसारा पाहून छोटा, होतकरू पुरवठादार पळून जाईल. ऐंशी पानांचं मागणीपत्र पाठवलंत तर जाईलच, आणि त्याने जावंही. पण वर सांगितलेलं सगळं पंधरा पानांत बसतं: पाच-सहा कामं, गुणांचा तक्ता, भाव-तक्ता, माहितीचं परिशिष्ट, कराराच्या अटी. उरलेली पासष्ट पानं बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी निविदेतून चिकटवलेली असतात. छोट्याला जाडीपेक्षा जास्त मारतं ते अस्पष्टपण, कारण अनिश्चिततेची किंमत मोजायला त्याच्याकडे गंगाजळी नसते.

कराराच्या अटींमधली एक कधीही गाळू नये. करार संपल्यापासून तीस दिवसांत सगळी माहिती, छायाचित्रांसह, सीएसव्हीसारख्या खुल्या स्वरूपात आणि रकान्यांच्या अर्थासहित परत मिळेल, आणि तिची किंमत आजच भाव-तक्त्यात लिहिलेली असेल. ही अट नसेल तर पाच वर्षांनी आजचा विजेता ‘जुना पुरवठादार’ होऊन बसेल, आणि पुढची निविदा निघण्याआधीच ठरलेली असेल. तुमच्या शाळेचा चालू करार कपाटातून काढा आणि ही ओळ त्यात आहे का ते पाहा. नसेल, तर नव्या मागणीपत्राचा मसुदा करण्याआधी जुन्या पुरवठादाराकडून ती लेखी मागून घ्या.