ग्राहकांना खबर, पण कटकट नको

आमच्या शेजारच्या भाभी उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करतात आणि रमजानमध्ये समोसे. कोल्हापुरातल्या घरगुती धंद्याची सगळी धांदल या दोन मोसमांतच. मागच्या रमजानमध्ये त्यांनी मला मोबाईल दाखवला आणि म्हणाल्या, "बघा भाईजान, रोज मेसेज टाकते, तरी लोक कमी होत चाललेत." मी बघितलं. लोक कमी होत होते ते रोजच्या मेसेजांमुळेच.

आधी त्यांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप केला होता. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. त्यामुळे अनोळखी नंबरांवरून मेसेज येऊ लागले आणि काही बायका निघून गेल्या. मग त्यांनी ब्रॉडकास्ट लिस्ट केली. तिच्यात २५६ नावं बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. म्हणजे अर्ध्यांना काही मिळतच नव्हतं. ज्यांना मिळत होतं त्यांना न विचारता मिळत होतं, म्हणून काहींनी ब्लॉक करून टाकलं.

व्हॉट्सअॅपचं चॅनेल २०२३ च्या सप्टेंबरमध्ये भारतात आलं. त्याची चाल उलटी आहे. तिथं तुम्ही कुणाला घालू शकत नाही, माणूस स्वतःहून येतो. सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. "Updates" मध्ये जाऊन "Create channel" दाबलं, नाव आणि फोटो दिला की झालं. भाभींनी त्याची लिंक आणि क्यूआर कोड छापून मसाल्याच्या प्रत्येक पाकिटावर चिकटवला. घरी पाकीट उघडलं की ज्याला हवं तो स्कॅन करतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. चॅनेलची सूचना सुरुवातीला बंद असते, फोन वाजत नाही. त्रास होत नाही याचं कारण हेच, आणि अडचणही तीच. "आत्ताच समोसे तळलेत, लवकर या" असला मेसेज चॅनेलवर निरुपयोगी, कारण बघणारा रात्री बघतो. ज्यांना रोज हवंय त्यांना भाभी सांगतात, चॅनेलवरची घंटी दाबून ठेवा. बाकीच्यांचा फोन गप्पच बरा.

आता मेसेज कसा टाकायचा ते सांगतो. एरवी आठवड्यातून एकच, शुक्रवारी सकाळी. दर वेळी तोच वार ठेवला तर ज्याला बघायचंय तो स्वतःच बघायला येतो. रमजानमध्ये रोज एक, दुपारी बाराला, म्हणजे असरपर्यंत ऑर्डर घेता येते. मेसेजमध्ये काय आहे, किती आहे, कधीपर्यंत सांगायचं आणि कुठे सांगायचं, एवढंच. भाभींचा मेसेज असा होता:

"आज मटण समोसे, २० डझन. ऑर्डर ३ वाजेपर्यंत. पाच वाजल्यापासून घेऊन जा."

खाली लिंक, कारण चॅनेलवर ग्राहकाला उलटं लिहिता येत नाही. लिंक अशी बनते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=समोसे%20हवेत
```

'X' च्या जागी आपला दहा आकडी नंबर. दाबल्यावर भाभींची चॅट उघडते आणि "समोसे हवेत" हे शब्द लिहूनच येतात. पुढचा हिशोब, पत्ता, पैसे सगळं त्या खाजगी चॅटमध्येच. कुणी किती मागवलं हे चॅनेलवर टाकायचं नाही. तिथं टाकलेलं कुणीही बघू शकतं.

अडीचलाच वीस डझन संपले, तर? भाभी आधी दुसरा मेसेज टाकायच्या, "संपले, माफ करा". हाच खरा त्रास. ज्याने मागितलंच नव्हतं त्यालाही माफी वाचावी लागते. त्यापेक्षा जुनाच मेसेज दाबून धरून दुरुस्त करावा आणि सुरुवातीला "संपले" लिहावं. नवा मेसेज पडत नाही.

ईदच्या मुबारकबादीचा एक मेसेज मात्र टाकावा, घरचं नातं असतं. पण रोजची सुप्रभात, फॉरवर्ड, दुसऱ्याच्या दुकानाची जाहिरात नको. मसाल्यासाठी आलेल्या माणसाला मसाल्याचीच खबर द्यावी. उन्हाळ्यात भाभी आधी सांगतात, संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची घेतली, अमुक तारखेपासून मसाला कुटायला सुरुवात, किती किलो हवा ते कळवा. या मेसेजला ग्राहक वाट बघत असतात.

चुकतंय की नाही हे कसं ओळखायचं? मेसेज टाकण्याआधी सभासदांचा आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. कोण गेलं ते कळत नाही, पण कुठल्या मेसेजनंतर गेले ते कळतं. भाभींच्या वहीत सलग दोन दिवस आकडा खाली आला होता, आणि दोन्ही दिवशी त्यांनी तीन-तीन मेसेज टाकले होते. तिसऱ्या दिवसापासून एकावर आल्या.