जागरणाची गोळी आणि जागांचा दुष्काळ

परीक्षांचा हंगाम आला की कराडच्या अभ्यासिकांत मध्यरात्रीनंतरही दिवे तेवत असतात. अशा वातावरणात ‘एकाग्रतेची गोळी’ म्हणून मिथाइलफेनिडेटची कुजबूज ऐकू आली, तर नवल नाही. एडीएचडी या अवधानाच्या विकारावर मानसोपचारतज्ज्ञ हे औषध देतात. उत्तेजक असूनही ते चंचल मुलाला शांत करते. मग निरोगी विद्यार्थ्याला ते अधिकच तल्लख करील, असा तर्क केला जातो. हा तर्क तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मेंदूच्या अग्रभागात आवेगांना लगाम घालणारे केंद्र असते. त्याचे काम डोपामिन व नॉरॲड्रेनॅलिन या द्रव्यांवर चालते. पेशी ही द्रव्ये सोडतात आणि पुन्हा शोषून घेतात; गोळी हे शोषण रोखते. ज्याचा लगाम मुळात सैल आहे, त्याचा तो योग्य मात्रेने आवळला जातो, म्हणून मूल स्थिर होते. मात्रा प्रमाणाबाहेर गेली की तेच केंद्र पुन्हा ढिसाळ होते.

मात्र गोळीने शांत होणे हा आजाराचा पुरावा नव्हे. १९७८ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ निरोगी मुलांना याच वर्गातील डेक्स्ट्रॲम्फेटामीन दिले, तेव्हा त्यांचीही हालचाल मंदावली आणि अवधान वाढले.

मग विद्यार्थ्यांची फसगत होते कोठे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० निरोगी तरुणांना एक कोडे घातले होते : वजनाची मर्यादा न ओलांडता पिशवीत अधिकाधिक मोलाच्या वस्तू भरायच्या. मिथाइलफेनिडेट घेतलेल्यांनी वेळ अधिक घालवला, वस्तूंची काढघालही अधिक केली; पण उत्तरे सुधारली नाहीत. उलट, गोळीविना सरस ठरणारे अनेकजण गोळीनंतर सरासरीखाली घसरले. कष्ट वाढले, कष्टांचा दर्जा उतरला. त्यात रात्रीची गोळी झोप हिरावते, आणि वाचलेले स्मृतीत मुरते ते झोपेतच. नाडी जलद होणे, भूक मरणे, सवय जडणे हे भोग निराळेच.

कायद्याने हे औषध अनुसूची ‘एक्स’मध्ये आहे, दुहेरी चिठ्ठीवाचून ते विकता येत नाही. हा निर्बंध हवाच. परंतु केवळ पोलिसी नजरेने प्रश्न सुटणार नाही. २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्याही आत. जागांच्या या दुष्काळात मुलगा स्वतःच्या झोपेचा लिलाव मांडतो. आणि ज्या शेतमजुराच्या मुलाला हे औषध खरोखरच हवे, त्याचा विकार ‘व्रात्यपणा’ म्हणून छडीखाली दडपला जातो. शाळांतून तपासणी, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार आणि शिक्षणाच्या जागांत खरीखुरी वाढ, या तीन मागण्या एकाच लढ्याच्या आहेत.