एक चमचा म्हणजे तीस कप

आपल्या चिखलदऱ्याला कॉफी पिकते. ती कपातून पिऊन कोणी दगावल्याचे सहसा ऐकू येत नाही. पण कॉफीतले कॅफीन वेगळे काढून त्याची शुद्ध पांढरी पूड केली, की तेच विष ठरू शकते. भरतीच्या धावण्यासाठी किंवा रात्रीच्या अभ्यासासाठी अशी पूड, गोळ्या मागवण्याचा विचार करणाऱ्या मुलामुलींनी हा फरक आधी समजून घ्यावा.

२०१५ साली इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांवर कॅफीनचा प्रयोग होता. प्रत्येकाला ०.३ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन कप कॉफीइतके कॅफीन द्यायचे होते. आधी तिथे गोळ्या वापरत, या वेळी पूड घेतली. मोबाइलवर हिशेब करताना दशांश चिन्ह चुकले आणि पोटात गेले ३० ग्रॅम, तीनशे कपांइतके! दोघांनाही अतिदक्षता विभागात ठेवून डायलिसिस करावे लागले. सुदैवाने दोघेही वाचले. पुढे न्यायालयाने विद्यापीठाला चार लाख पौंडांचा दंड केला.

प्रयोगशाळेत हे घडते, तर घरच्या चमच्याचा काय भरवसा? एक चहाचा चमचा पूड म्हणजे सुमारे तीन ग्रॅम, जवळपास तीस कप. एवढे कॅफीन कॉफीतून घ्यायचे तर चार लिटरांच्या वर प्यावे लागेल. त्याआधीच पोट तुडुंब भरेल, मळमळेल, हात थरथरतील आणि माणूस कप खाली ठेवील. शिवाय पिण्यात वेळ जातो, तोवर यकृत आधीचे कॅफीन थोडे थोडे निकामी करत राहते. पुडीला यातला एकही अडसर नाही. सगळे एकदम रक्तात उतरते, यकृताची ताकद अपुरी पडते, रक्तातले पोटॅशियम घसरते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. मृत्यू येतो तो बहुधा यानेच.

गोळीत माप ठरलेले असते, बहुधा १०० किंवा २०० मिलिग्रॅम, म्हणून ती पुडीपेक्षा बरी. पण "झोप जात नाही" म्हणून मूठभर गोळ्या गिळल्या, तर तेच होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली अशी सुटी पूड ग्राहकांना विकण्याविरुद्ध पाऊल उचलले. माझ्या मते ती घरात येऊच नये. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ०.२ ग्रॅम नीट मोजताच येत नाही, मग "जपून घ्या" या सल्ल्याला अर्थ काय उरतो?

कोणी घेतलीच आणि वारंवार उलट्या, छातीत जोराची धडधड, थरथर, बेचैनी किंवा झटके दिसले, तर मीठपाणी पाजून ओकायला लावू नका. १०८ ला फोन करा, धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. पुढे हलवावे लागले तर घाटातच काही तास जातात, म्हणून घरी वाट पाहत बसू नये. पुडीचे पाकीट सोबत घ्या, आणि किती, केव्हा घेतले ते डॉक्टरांना सांगा.