गुलाबी कागदाच्या जागी

सराफी पेढीवर दागिना गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याची एक रीत असे. तो समोर तराजूत घातला जाई, वजन मोठ्याने सांगितले जाई, शंका विचारून घेतल्या जात आणि मगच गुलाबी कागदाची घडी पडे. त्या कागदाला फारसे मोल नव्हते. मोल होते ते तोवर समोरासमोर झालेल्या खातरजमेला. ऑनलाइन विक्रीत ही खातरजमा होतच नाही. पैसे आधीच भरलेले असतात, दागिना केवळ छायाचित्रात पाहिलेला असतो आणि पेढीच्या वतीने घरी पोहोचतो तो एक पुठ्ठ्याचा खोका. तो उघडतानाच्या दोन-तीन मिनिटांतच गिऱ्हाईक मनाशी ठरवते की या पेढीकडे पुन्हा यावे की नाही.

एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळचे हुपरी हे चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध. तेथे घडलेली पैंजणांची एक जोडी, शुद्धता ९२५, वजन ६२.४० ग्रॅम, विक्रेत्याने नागपूरला धाडायची आहे. मागणी नोंदवली पुण्याच्या भावाने. खोका उघडणार आहे त्याची बहीण.

प्रथम बाहेरचा खोका. हौसेने विक्रेता २० सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि १० उंच असा ऐसपैस खोका निवडतो. बहुतेक कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतील जे अधिक असेल त्यावर दर लावतात. लांबी, रुंदी व उंची यांच्या गुणाकाराला सामान्यतः ५,००० ने भागले की ते वजन किलोमध्ये मिळते. या खोक्याचे वजन म्हणून ६०० ग्रॅम धरले जाते आणि तो अर्ध्या किलोच्या दरातून वरच्या दरात जातो. १५, १२ आणि ६ सेंटिमीटरचा खोका घेतला, तर हिशेब २१६ ग्रॅमचाच होतो. लहान खोक्यात दागिना हलतही नाही. बंद खोका कानाशी धरून हलवावा. आत काही वाजले, तर भरण अपुरे आहे असे समजावे.

या खोक्यावर ‘दागिने’ हा शब्द किंवा पैंजणांचे चित्र नसावे, कारण वाटेतल्या अनेक हातांना आतला माल कळण्याचे कारण नाही. शोभा आतल्या डबीला असावी. बाहेर मात्र ओढताच खुणा सोडणारी सुरक्षा-पट्टी असावी आणि तिच्याशेजारीच एक ओळ छापलेली असावी: “पट्टी फाटलेली दिसल्यास स्वीकारू नये, उघडताना चित्रीकरण करावे.” अनेक विक्रेते ही सूचना आतल्या कार्डावर देतात. ती वाचली जाईपर्यंत खोका कापलेला असतो आणि एक पैंजण कमी निघाले, तर कोणाचेच म्हणणे सिद्ध होत नाही. विक्रेत्यानेही बंद खोक्याचे वजन करून ते नोंदवून ठेवावे. पैंजणाएवढे वजन वाटेत घटले, तर ते त्या नोंदीवरून उघड होते.

आता वेष्टन. चांदी काळी पडते ती मुख्यतः गंधकाच्या संयुगांमुळे. तिच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो आणि दमटपणात हे लवकर घडते. पेढीवर पुडीला रबर लावण्याची सवय जुनी आहे, पण रबर टिकाऊ करताना त्यात गंधक मिसळलेले असते. पुडी तासाभरात घरी पोहोचत होती तोवर हे खपून गेले. तीच पुडी गोदामात आणि वाटेत काही आठवडे राहिली, तर रबराला टेकलेल्या जागी काळसर पट्टा उमटतो. डाग अशा एका रेषेत असेल, तर दोष स्पर्शाचा असतो. दागिना सर्वत्र सारखाच पिवळट-काळा झाला असेल, तर आतली हवा, स्पंज किंवा पुठ्ठा तपासावा. बहिणीला मात्र हा भेद कळत नाही. तिच्या दृष्टीने चांदीच खोटी ठरते.

म्हणून पैंजणांची प्रत्येक बाजू प्रथम हवाबंद प्लास्टिक पिशवीत ठेवावी, सोबत काळेपणा रोखणारी कागदी पट्टी आणि सिलिका जेलची लहान पुडी असावी, आणि त्यानंतरच मखमली बटवा यावा. दोन्ही पैंजणे एकाच पिशवीत टाकली, तर घुंगरे साखळीत अडकतात आणि गिऱ्हाइकाचे पहिले काम गुंता सोडवण्याचे होते. नवे कापड वा स्पंज घेण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. चांदीचे दोन चकचकीत तुकडे घ्यावेत. एक त्या कापडासह आणि दुसरा त्याच्याविना वेगवेगळ्या हवाबंद पिशव्यांत महिनाभर ठेवावा. पहिला अधिक काळवंडला, तर ते कापड कितीही सुंदर असले तरी परत करावे.

शेवटी कार्ड. तराजूपुढे जे बोलले जाई, ते आता या कार्डाने सांगायचे आहे. त्यावर दागिन्याचे नाव, शुद्धता आणि वजन ठळक असावे. हे वजन पिशवी आणि लेबल काढून केलेले असले पाहिजे, कारण बहीण ती जोडी ओळखीच्या सराफाकडे तोलून पाहण्याची शक्यता मोठी. मीनाकाम किंवा खडे असतील, तर एकूण वजन आणि निव्वळ चांदीचे वजन वेगळे लिहावे. एकच आकडा लिहिला, तर पुढच्या मोडीच्या वेळी वाद उभा राहतो. हॉलमार्क असल्यास सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक आणि तो बीआयएस केअर ॲपमध्ये कसा पडताळावा, हे एका वाक्यात सांगावे. सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यांच्या विक्रीस हा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून आवश्यक झाला. चांदीसाठी तो १ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाला, पण ऐच्छिक म्हणून. त्यामुळे दागिन्यावर क्रमांक नसेल, तर कार्डावर त्याचा आभास निर्माण करू नये.

कार्डाच्या मागील बाजूस परतीची मुदत, पेढीचा दूरध्वनी आणि माल तपासून भरणाऱ्याची सही एवढे पुरे. पाच तारे दिल्यास सवलत, ही विनंती तेथे नको; दागिना अंगावर चढण्याआधीच मोबदला मागितल्यासारखे होते. बिलाचाही विवेक हवा. मागणी भेटीसाठी आहे असे नोंदवलेले असेल, तर किंमत लिहिलेले बिल भावाला ई-मेलने जावे आणि खोक्यात किंमत नसलेले कार्ड व भावाने सांगितलेल्या दोन ओळी असाव्यात. बहिणीच्या हाती पहिल्यांदा रकमेचा कागद पडला, तर भेटीचा ओलावा संपतो.

या साऱ्यात खर्च वाढतोच असे नाही. मोठ्या खोक्यावर आणि चकचकीत कागदावर जाणारे पैसे लहान खोका, हवाबंद पिशवी आणि खरे वजन लिहिलेल्या कार्डाकडे वळवायचे असतात. नागपूरच्या सराफाच्या काट्यावर ६२.४० हाच आकडा उमटला, तर त्या विक्रेत्याचे नाव बहीण स्वतःहून शेजारणीला सांगेल.